पीळ सोपा, पारख अवघड

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा हात अचानक लोंबू लागला, त्याला स्पर्श केला तरी ते किंचाळू लागलं, की घरातल्या कुणाच्या तरी तोंडी एक वाक्य तयारच असतं. "काही नाही, हात उतरलाय. अमक्याकडे न्या, एका झटक्यात बसवून देईल." हे अमके कुठे पिढीजात हाडवैद्य असतात, कुठे तालमीतले वस्ताद, तर कुठे गल्लीतल्या जाणत्या आजी. या वाक्यामागे एक पूर्ण तत्त्वज्ञान उभं आहे. ते असं : मुलांचे हात उतरतातच, त्यात विशेष काही नाही. बसवणं हे हाताचं कसब आहे, पुस्तकाचं नाही. डॉक्टरकडे गेलात तर तो एक्सरे काढेल, पट्टा बांधेल, बिल करेल आणि शेवटी तोच पीळ देईल, जो अमक्यांनी फुकटात दिला असता. आणि पुरावा हवाच असेल तर आळीतली पाच नावं लगेच सांगितली जातात, ज्यांच्या मुलांचे हात असेच 'कट्' आवाज होऊन बसले आणि पाचव्या मिनिटाला ती मुलं खेळायला पळाली. हे तत्त्वज्ञान इतकं आत्मविश्वासाने मांडलं जातं की शिकलेली माणसंही त्याला मान डोलावतात.

त्यातली एक गोष्ट खरी आहे, आणि ती आधीच देऊन टाकतो. ती पाच मुलं खरोखर बरी झाली. डॉक्टरी भाषेत ज्याला 'पुल्ड एल्बो' म्हणतात, म्हणजे ओढ बसून निसटलेलं कोपर, ते खरोखरच काही सेकंदांच्या हालचालीने जागेवर येतं. भूल लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही, बहुतेक वेळा नंतर पट्टाही लागत नाही. पण एवढ्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र साफ चुकीचा आहे. बसवणं सोपं आहे, म्हणून कुणीही बसवावं, असं म्हणणारे एक प्रश्न गिळून टाकतात. समोरच्या मुलाचं कोपर निसटलंच आहे, हे कुणी ठरवलं? हात न हलवणारं प्रत्येक मूल कोपर निसटलेलं मूल नसतं. या दुखण्यात कसब पिळात नाहीच मुळी. ते पीळ द्यायच्या आधी विचारलेल्या चार प्रश्नांत आणि केलेल्या दोन मिनिटांच्या पाहणीत आहे. आणि नेमका तोच भाग आपल्या जाणत्यांच्या परंपरेत गाळलेला असतो.

आधी आत काय होतं ते पाहू. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडं असतात. त्यांतल्या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला रेडियस म्हणतात. त्याचं कोपराकडचं टोक गोल डोक्यासारखं असतं, आणि ते दंडाच्या हाडाला टेकून फिरतं, म्हणून आपल्याला तळवा वर-खाली करता येतो. हे डोकं जागेवर राहावं म्हणून त्याच्याभोवती बांगडीसारखा एक अस्थिबंध असतो. लहान मुलात या बांगडीची खालची कड हाडाला पातळ धाग्यांनीच धरलेली असते. कोपर सरळ आहे, तळवा खाली वळलेला आहे आणि अशा वेळी हाताला लांबीच्या दिशेने हिसका बसला, तर हाड किंचित खाली सरकतं, बांगडी डोक्यावरून वर घसरते, आणि हात सैल सोडल्यावर तिची कड सांध्याच्या फटीत अडकते. दार लावताना पडद्याचा काठ सापडावा, तसं. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि झाल्ट्झ यांनी १९७१ साली लहान मुलांच्या मृतदेहांतील कोपरांवर हा हिसका देऊन पाहिला. तळवा खाली वळलेला असतानाच बांगडी घसरते, वर असताना घसरत नाही, आणि पाच वर्षांच्या पुढे ती कड इतकी जाड होते की घसरणं अवघड होतं, हे त्यातून दिसलं. लहान मुलात डोकं मानेपेक्षा बारीक असतं म्हणून ते निसटतं, ही तोवरची समजूतही त्यांनी खोडली. तेव्हा 'हात उतरला' हा शब्दप्रयोगच मुळात दिशाभूल करणारा आहे. खांदा निखळतो तसं यात हाड जागा सोडून कुठे गेलेलं नसतं. सांध्यात एक कापडाची कड सापडलेली असते, इतकंच. आणि म्हणूनच ती इतक्या सहज सुटते.

आता एक प्रसंग धरून चालू. अडीच वर्षांची मुलगी वडिलांचं बोट धरून रस्ता ओलांडते आहे. ती मधेच बसकण मारते, समोरून रिक्षा येते, वडील तिचा डावा हात धरून वर खेचतात. ती कळवळून रडते. पाच-दहा मिनिटांनी रडणं थांबतं, पण डावा हात अंगालगत, कोपरात जरासा वाकलेला, तळवा पोटाकडे किंवा मागे वळलेला असा लोंबत राहतो. उजव्या हाताने ती बिस्कीट खाते, खेळणं धरते, हसतेसुद्धा. डाव्या हाताला कुणी हात लावला की मात्र किंचाळते. दुखतं कुठे विचारलं तर कधी मनगट दाखवते, कधी खांदा. सूज नाही, काळंनिळं नाही, हात वाकडा दिसत नाही. प्रसाद घ्यायला तळवा वर पसरायला सांगा, तो पसरणार नाही. हे चित्र इतकं ठसठशीत आहे की अनुभवी डॉक्टर ते दारातून आत येणाऱ्या मुलाकडे पाहूनच ओळखतो. वय एक ते चारच्या दरम्यानचं, ओढ बसल्याची स्पष्ट हकीकत, सूज नाही, स्वस्थ बसलेलं मूल. डावा हात जास्त वेळा सापडतो, कारण बहुतेक मोठी माणसं उजव्या हाताने मुलाचा डावा हात धरतात.

आता दुसरा प्रसंग, पहिल्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा. चार वर्षांचा मुलगा दिवाणावर उड्या मारताना खाली पडला, पडताना हात टेकवला. आई स्वयंपाकघरात होती, तिने पडताना पाहिलं नाही, फक्त रडणं ऐकलं. ती धावत आली तेव्हा मुलगा हात अंगालगत धरून बसला होता, हात लावू देत नव्हता. सूज अजून चढायची होती. लांबून पाहणाऱ्याला ही दोन मुलं सारखीच दिसतील : दोघांचा हात लोंबतो आहे, दोघं हात लावला की ओरडतात. पण या मुलाचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर तुटलेलं असू शकतं. लहान मुलांत हात टेकून पडल्यावर होणारा हा अगदी नेहमीचा अस्थिभंग आहे. तुटलेल्या टोकाच्या पुढूनच हाताला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी जाते, आणि नसाही तिथूनच जातात. आता या मुलाला 'अमक्यांकडे' न्या. ते पडल्याची चौकशी करणार नाहीत, दंडावरून बोट फिरवून हाड दुखतं का पाहणार नाहीत, बोटं गरम आहेत का, हलतात का हे तपासणार नाहीत. ते तोच पीळ देतील, जो पहिल्या मुलीला दिला असता. पहिली मुलगी पाच मिनिटांत खेळू लागेल. या मुलाच्या हाडाची धारदार कड रोहिणीवर किंवा नसेवर ढकलली जाऊ शकते. दोन्ही वेळा कदाचित 'कट्' आवाजही येईल. तुटलेली टोकं एकमेकांवर घासली तरी आवाज होतोच! ज्या आवाजाला आपण कसबाचा पुरावा मानतो, तो आवाज दोन्हीकडचा साक्षीदार निघतो. मग अशा साक्षीदाराची किंमत काय?

इथे समर्थकांचा आवडता मुद्दा पुढे येतो : अनुभव. "त्यांनी शेकडो हात बसवले आहेत." असतील. पण या अनुभवाचं गणित कसं मांडलं जातं ते पाहा. ज्यांचे हात सुटले ती मुलं आळीत दिसतात, त्यांच्या आया इतरांना सांगतात. ज्यांचे बिघडले ती मुलं तालुक्याच्या किंवा शहराच्या इस्पितळात जातात, आणि त्यांचे आईबाप अपराधी भावनेने गप्प बसतात. यश गल्लीत फिरतं, अपयश एसटीत बसून शहरात जातं. शिवाय हे दुखणं स्वभावानेच क्षमाशील आहे. मूल झोपेत कूस बदलतं, कुणी कपडे बदलताना हात वळवतो, गाडीत खड्ड्याचा हिसका बसतो, आणि अडकलेली कड आपोआप सुटते. एक्सरे काढताना तंत्रज्ञाने तळवा वर करून ठेवला तेवढ्यानेही कोपर जागेवर येतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. घरात मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, मूल झोपलं आणि सकाळी हात हलवू लागलं, तर श्रेय कुणाला? मीठ-मोहऱ्यांना की कूस बदलण्याला? ज्या दुखण्याला उपचार न करताही बऱ्याच वेळा बरं व्हायची खोड आहे, त्या दुखण्यावरून कुणाचंही कसब सिद्ध होत नाही. तिथे दृष्ट, लेप, मंत्र आणि पीळ, सगळेच यशस्वी ठरतात. कसब सिद्ध होतं ते चुकीच्या मुलाला हात न लावण्यातून. त्याची नोंद कोण ठेवतं?

आणि बसवून झालं की प्रकरण संपत नाही. मग येतो चोळण्याचा आणि बांधण्याचा अध्याय. आंबेहळद, रक्तचंदन यांचा लेप तसा निरुपद्रवी, कातडीला खाज आली तर आली. पण कोपराला जबर मार लागला असताना ते जोराने चोळलं, रोज ताणलं, तर सांध्याभोवतीच्या स्नायूत हाडासारखी गाठ तयार होण्याचा धोका वाढतो आणि कोपर कायमचं आखडू शकतं. मार लागलेल्या कोपराला मालीश करू नये हे अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याला पहिल्या धड्यांत शिकवलं जातं, ते याचसाठी. बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेली पट्टी त्याहून वाईट. जर्मन शल्यवैद्य रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ सालीच हातावर घट्ट पट्ट्या बांधल्याने रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात आणि बोटं पंजासारखी आत वळून आखडतात, हे मांडलं होतं. आजही त्या अपंगत्वाला त्यांचंच नाव आहे. रक्त तोडल्यावर सहा-आठ तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. म्हणजे संध्याकाळी आवळून बांधलेला हात सकाळी उघडला, तर तोवर वेळ निघून गेलेली असू शकते. आणि मूल रात्रभर रडलं तर घरातले काय म्हणतील? "बसवलाय ना, थोडं दुखणारच!" निसटलेल्या कोपरात बसवल्यावर दुखत नाही, हीच तर त्याची ओळख. बसवल्यानंतरही मूल रडत असेल, तर ते रडणं सांगतं आहे की दुखणं दुसरंच आहे.

या चुकीची एक शहरी, शिकलेली आवृत्तीही आहे, आणि तिला मी सोडणार नाही. तिचं म्हणणं असं की एक्सरे काढल्याशिवाय कुणी हात लावूच नये, डॉक्टरनेसुद्धा. ऐकायला जबाबदार वाटतं. पण दोन वर्षांच्या मुलाच्या एक्सरेत काय दिसतं? एक्सरेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही, अस्थिबंध तर नाहीच नाही. ज्या डोक्यावरून बांगडी घसरली, ते रेडियसचं डोकं दोन वर्षांच्या वयात बहुधा कूर्चेचंच असतं. त्यात हाड तयार व्हायला साधारण तीन ते पाच वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे तक्रारीचं मूळच चित्रात नसतं. निसटलेल्या कोपराचा एक्सरे स्वच्छ येतो, आणि मग गंमत अशी होते की "एक्सरे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही" असं सांगून मूल तसंच लोंबत्या हाताने घरी पाठवलं जातं. एक्सरे निसटलेलं कोपर शोधायला नसतो. ते सोडून दुसरं काही आहे का, हे पाहायला असतो, आणि त्याची गरज हकीकत ठरवते. मूल पडलं असेल, काय झालं ते कुणी पाहिलंच नसेल, सूज किंवा हाडावर नेमकी दुखरी जागा असेल, किंवा नीट प्रयत्न करूनही हात सुटत नसेल, तर एक्सरे हवाच. हकीकत आणि चित्र दोन्ही स्वच्छ असतील तर नको. यंत्रावर भिस्त ठेवून हकीकत न विचारणारा सुशिक्षित आणि बोटांवर भिस्त ठेवून हकीकत न विचारणारा वस्ताद, या दोघांची चूक एकच आहे. फक्त एकाचं बिल जास्त होतं.

मग जाणता डॉक्टर करतो तरी काय, ज्याला आम्ही 'तोच पीळ' म्हणतो? तो आधी मुलाला आईच्या मांडीवर बसवतो आणि विचारतो : काय झालं, कुणी पाहिलं, पडलं का, ताप आहे का, याआधी असं झालंय का. मग दुखऱ्या हाताला शेवटी हात लावतो. गळ्याजवळच्या हाडापासून सुरुवात करतो, कारण पडलेल्या लहान मुलाचं ते हाडही सहज मोडतं आणि तेही मूल हात हलवत नाही. मग खांदा, दंड, मनगट हे हलक्या बोटांनी चाचपतो आणि सगळ्यात शेवटी कोपर. बोटं हलतात का, गरम आहेत का, नाडी लागते का हे पाहतो. एवढं झाल्यावरच तो एका हाताने कोपर आधाराला धरतो, अंगठा रेडियसच्या डोक्यावर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने मनगटाजवळ धरून तळवा आणखी खाली वळवतो. तळवा वर फिरवून कोपर दुमडणं ही जुनी रीत. दोन्हींची तुलना करणारे प्रयोग एकत्र करून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात तळवा खाली वळवण्याची रीत पहिल्या प्रयत्नात शंभरात सुमारे नऊ मुलांत फसली आणि जुनी रीत सुमारे सव्वीस मुलांत. प्रयोगांचा दर्जा फार भक्कम नव्हता, हेही त्याच आढाव्यात म्हटलं आहे, पण कल स्पष्ट आहे. अंगठ्याखाली बारीकसा खटका जाणवतो. तरीही डॉक्टर त्यावर विसंबत नाही. तो दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि दुखऱ्या बाजूने, जरा उंचावर, खेळणं किंवा बिस्कीट धरतो. मूल त्याच हाताने ते घ्यायला गेलं, की निदान पक्कं झालं. दुखणं बरेच तास जुनं असेल तर मूल हात वापरायला थोडा जास्त वेळ घेतं. पण दोन-तीन प्रयत्नांनंतरही हात सुटत नसेल तर तो पिळत बसत नाही. तो आपल्या निदानावरच शंका घेतो. या सगळ्यात पीळ किती? दोन सेकंद. बाकी सगळी पारख.

"मग आम्हीच शिकतो, एवढं सोपं आहे तर," असं म्हणणारा तिसरा गट आता मोबाइलवर चित्रफीत पाहून तयार होतो आहे. त्यांना माझं उत्तर अर्ध्या होकाराचं आहे. एकदा निसटलेलं कोपर साधारण चार-पाच मुलांतल्या एकाचं पुन्हा निसटतं. ज्या मुलाचं निदान डॉक्टरने आधी केलेलं आहे, ज्याला तीच ओढ बसून तेच लक्षण दिसतं आहे, त्याच्या आईला डॉक्टरने समोर बसवून रीत दाखवली असेल, तर तिने ती जरूर वापरावी. पण ती सवलत त्या मुलापुरती आणि त्या हकीकतीपुरती आहे. ती घेऊन शेजारच्या मुलाचा हात बसवायला निघालात तर तुम्ही नवे वस्ताद झालात, जुन्यांपेक्षा फक्त एक चित्रफीत जास्त पाहिलेले.

आता या सगळ्यात जी गोष्ट सर्वांत जास्त नुकसान करते आणि जिच्याविषयी कुणी बोलत नाही, ती सांगतो. या दुखण्याची खरी तपासणी कोणती? रक्ताची नाही, एक्सरेची नाही. "हात ओढला गेला" हे तीन शब्द हीच तपासणी. आणि हे शब्द आपण स्वतःच्या हाताने दडपतो. कसे? मूल हात हलवत नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न "कुणी ओढला?" असा येतो. तो निदानासाठी विचारलेला नसतो, आरोपी शोधण्यासाठी विचारलेला असतो. "तुझं लक्ष कुठे होतं?" "एवढं मूल सांभाळता येत नाही?" सासूने सुनेला, नवऱ्याने बायकोला, घरच्यांनी सांभाळणाऱ्या बाईला हे विचारलं, की ती काय सांगेल? "माहीत नाही, पडली असेल." आणि पडली म्हटल्यावर डॉक्टरची सगळी वाटच बदलते : एक्सरे, पट्टा, नसते तास आणि नसता खर्च. उलट खरोखर पडलेल्या मुलाबद्दल भीतीपोटी "कुणी तरी ओढला असेल" असं सांगितलं गेलं, तर मोडलेल्या हाडाला पीळ बसतो. खरी हकीकत हा इथला एकमेव एक्सरे आहे, आणि आपण तो लाजेने काळा करून टाकतो. मुळात हा हिसका क्रूरपणाचा नसतोच. रस्त्यावरून मागे खेचणं, पायरीवर घसरताना धरणं, दोन हात धरून झोके देणं, स्वेटरच्या बाहीतून हात काढणं, एवढ्यानेही होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा हात कुशीवर वळताना अंगाखाली सापडला तरी होतं. हात न ओढता मूल रिक्षाखाली जाऊ द्यायचं होतं का? तेव्हा दोष द्यायचाच असेल तर चार दिवसांनी द्या. त्या दिवशी फक्त खरं सांगू द्या.

"आमच्या वेळी इतकं काही नव्हतं, हात धरूनच उचलायचे, आमचं कोपर कधी निसटलं?" हा प्रश्नही ठरलेला. निसटलं असेल, आपोआप बसलं असेल, आणि त्या रात्री घरात दृष्ट काढली गेली असेल. नोंद नाही म्हणजे घटना नाही, असं होत नाही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे : खेड्यात रात्री अकरा वाजता डॉक्टर कुठून आणायचा? याचं उत्तर पारखीतच आहे. हकीकत स्वच्छ ओढल्याची आहे, मूल स्वस्थ आहे, सूज नाही, ताप नाही, बोटं गरम आहेत आणि हलतात, तर सकाळपर्यंत थांबल्याने हाताचं कायमचं नुकसान सहसा होत नाही. हात ज्या स्थितीत मुलाला बरा वाटतो तसाच उशीवर ठेवा, वजनाच्या हिशेबाने नेहमीचं वेदनाशामक औषध द्या, चोळू नका, ओढू नका, बांधू नका. पण मूल पडलेलं असेल, कोपर सुजत असेल किंवा वाकडं दिसत असेल, बोटं गार किंवा फिकट पडली असतील, तर रात्रीच निघा. आणि ताप असेल, मूल मलूल असेल, तर त्याहूनही घाईने निघा, कारण सांध्यात पू झालेलं मूलही असंच हात न हलवता पडून असतं, आणि त्याला पिळाने नाही, सांधा धुऊन आणि प्रतिजैविकांनी वाचवायचं असतं. तेव्हा 'नाटक करतंय' म्हणणाऱ्यांनाही एकच विचारायचं आहे : दोन वर्षांचं मूल आवडत्या खेळण्याकडेही एका हाताने पाठ फिरवतं, इतकं सातत्याचं नाटक त्याला शिकवलं कुणी?

राहता राहिली ती प्रतिबंधाची गोष्ट, आणि ती खरंच एका ओळीची आहे : मुलाला उचलायचं ते काखेत हात घालून, मनगट धरून नाही, आणि हात धरून झोके द्यायचे नाहीत. पाच वर्षांपुढे ती बांगडी घट्ट होते आणि हा धोका जवळजवळ संपतो. तोवर ज्या घरात मूल आहे तिथे हात लोंबण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि तो आला की कुणी तरी उठून 'अमक्याकडे न्या' म्हणणार, हे नक्की. तेव्हा त्याला फक्त एवढं विचारा : ते अमके आधी काय विचारतात? मूल पडलं का, हे विचारतात? गळ्याजवळचं हाड चाचपतात? बोटं गरम आहेत का पाहतात? ताप आहे का, विचारतात? पीळ दिल्यानंतर पंधरा मिनिटं थांबून मूल त्या हाताने बिस्कीट घेतं का, हे पाहतात? आणि नाही घेतलं तर 'हे माझं काम नाही' असं म्हणून पुढे पाठवतात? या सगळ्याचं उत्तर 'हो' असेल, तर ते अमके डॉक्टरच आहेत, खुशाल जा. उत्तर 'नाही' असेल, तर त्यांच्यापाशी आहे तो फक्त पीळ. आणि पीळ तर रस्त्यातल्या खड्ड्यालाही देता येतो.